‘दिवाळीला बघू’ला इंग्रजीत काय म्हणतात?

मैत्रिणींनो, घरकामाला बाई ठेवताना तिला जो निरोप धाडला जातो त्याला आपण कधी करार मानलेच नाही. पूर्वी तो शेजारणीबरोबर तोंडी जायचा, आता मोबाइलवर चार ओळींत जातो. पगार, वेळ आणि सुट्टी या तीन गोष्टी त्यात उल्लेखल्या जातात, आणि तिन्ही अशा भाषेत की पुढे भांडण झाले तर शब्द मालकिणीच्या बाजूने उभे राहावेत. माझे म्हणणे असे आहे की हे आपल्याला मराठीत दिसत नाही, कारण त्या भाषेची आपल्याला सवय झाली आहे. तोच निरोप साध्या इंग्रजीत, हिंदीचा एकही शब्द न घालता लिहायला बसा. मग कळते की भाषांतर करण्याजोगे त्यात फारच थोडे होते. बरेचसे ठरलेलेच नव्हते.

हे मी एका प्रत्यक्ष निरोपावरून लिहिते आहे. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केले आणि गेली काही वर्षे छत्रपती संभाजीनगरच्या वस्त्यांमध्ये घरकामगार बायकांबरोबर काम करते. मुकुंदवाडीत भाड्याने राहणारी एक तमिळ बाई आहे. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला. ती दहावीपर्यंत शिकलेली, तमिळ उत्तम वाचते, साधे इंग्रजी वाचते आणि जुळवून बोलते. मराठी तिला येत नाही आणि हिंदीही येत नाही. गारखेड्यातल्या एका घराला म्हाताऱ्या आजींजवळ दिवसभर थांबून घरकाम करणारी बाई हवी होती. त्या घरातल्या सूनबाईंनी मराठीत निरोप लिहिला तो असा:

‘ताई, एक तारखेपासून या. वेळ साडेनऊ ते संध्याकाळ. केर-फरशी, भांडी, आईंचं खाणंपिणं आणि वरचं थोडंफार काम. पगार ९,००० फिक्स. महिन्यातून दोन सुट्ट्या, जास्त खाडे झाले तर कापले जातील. सणावाराला थोडं ॲडजस्ट करावं लागेल. दिवाळीला बघू.’

यात वाईट असे काही नाही. सूनबाई बऱ्या स्वभावाच्या आहेत, बाईला ‘या’ म्हणतात. असे निरोप या शहरात रोज जातात, आणि म्हणूनच मी हा निवडला.

बाईला मराठी येत नाही म्हटल्यावर घरातल्या मुलाने त्याचे ‘इंग्रजी’ करून पाठवले. ते त्याच्याच शब्दांत: ‘दीदी, कम फ्रॉम फर्स्ट. टायमिंग नाईन थर्टी टू इव्हनिंग. झाडू-पोछा, बर्तन, आईज खाना-पीना अँड ऊपर का काम. सॅलरी ९,००० फिक्स. टू छुट्टी पर मंथ, एक्स्ट्रा छुट्टी विल बी कट. फेस्टिव्हल टाइम ॲडजस्ट करना. दिवाळी देखेंगे.’

हे इंग्रजी नाही. ही इंग्रजी क्रियापदांना टांगलेली हिंदी आहे. आपल्याला वाटते की परप्रांतातून आलेल्या माणसाला हिंदी येतेच. मैत्रिणींनो, २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या शासन निर्णयांवर महाराष्ट्रात किती मोठा आवाज उठला, आणि २९ जून २०२५ रोजी ते निर्णय मागे घ्यावे लागले, हे आपण पाहिले. आपल्या मुलांवर हिंदी लादू नका म्हणणारे आपण, आपल्याकडे कामाला येणाऱ्या तमिळ बाईवर मात्र ती बिनदिक्कत लादतो. आणि शाळेत हिंदी आली नाही तर गुण जातात, इथे पगार जातो.

तो निरोप तिने मला दाखवला तेव्हा तिला काय समजले होते ते मी विचारून घेतले. ‘छुट्टी’ हा शब्द तिला माहीत नव्हता. ‘विल बी कट’चा अर्थ तिने काम तुटेल, म्हणजे कामावरून काढतील असा घेतला. ‘ऊपर’ म्हणजे वर एवढे तिला शेजारणीकडून कळले, तेव्हा वरच्या मजल्याचेही काम आहे असे तिने धरले. त्या घराला वरचा मजलाच नाही. ‘वरचं काम’ म्हणजे ठरलेल्या कामांखेरीज निघेल ते काम, हे मराठी घरात वाढल्याशिवाय कळत नाही. आणि कळले तरी त्यात किती कामे बसतात याचे उत्तर मराठी बाईकडेही नसते.

मग मी सूनबाईंकडे गेले. निरोप इंग्रजीत नीट करून देते म्हटले, पण त्याआधी काही प्रश्नांची उत्तरे हवीत, असेही सांगितले. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘अहो, एवढं काय त्यात? सरळ तर आहे.’ चला, किती सरळ आहे ते पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. ‘साडेनऊ ते संध्याकाळ.’ संध्याकाळ म्हणजे किती वाजता? सूनबाई म्हणाल्या, सहा-सात, मी ऑफिसातून येईपर्यंत. त्या ‘सहा-सात’मध्ये एक तास आहे. महिन्यातून दोनच सुट्ट्या म्हणजे २८ दिवस काम. रोजचा एक तास धरला तर महिन्याचे २८ तास. साडेनऊ ते सहा हा साडेआठ तासांचा दिवस धरला, तर ते तीन दिवसांहून जास्त काम झाले, आणि तेही फुकट. सहाला सुटली तर तिला तासाला सुमारे ३८ रुपये पडतात, सातला सुटली तर सुमारे ३४. पगार ‘फिक्स’च राहिला, पण तासाचा दर मात्र सूनबाईंच्या ऑफिसवर अवलंबून राहिला. मराठीत ‘संध्याकाळ’ हा किती प्रेमळ शब्द आहे! साध्या इंग्रजीत तिथे घड्याळाचा आकडा घालावा लागतो.

दुसरी गोष्ट सुट्टी आणि खाडा. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत आणि घरकामगार बायका तो फरक पक्का जाणतात. सुट्टी म्हणजे मालकिणीने मान्य केलेली, पगारासकट. खाडा म्हणजे न आलेला दिवस, ज्याचे पैसे जातात आणि वर बोलणीही बसतात. मुलाच्या इंग्रजीत दोन्हींची ‘छुट्टी’ झाली, म्हणजे नेमका हक्क आणि दंड यांतला फरक पुसला गेला. आता छुट्टीच्या जागी शिकलेल्या माणसाला सुचणारा शब्द म्हणजे ‘लीव्ह’. तोही धोक्याचा आहे. ‘लीव्ह’चा पहिला, रोजचा अर्थ सोडून जाणे असा आहे. थोडे इंग्रजी येणाऱ्या बाईला ‘यू कॅन लीव्ह’ म्हटले, तर ती काम सोडायला सांगितले असेच समजणार. म्हणून शब्दाच्या मागे न लागता गोष्ट सांगावी: या दिवशी तुम्ही कामाला येणार नाही, आणि तरी आम्ही पूर्ण पगार देऊ. वाक्य लांबते, पण त्यातून पळवाट निघत नाही.

खाड्याचे पैसे किती, हाही प्रश्नच. ९,००० ला ३० ने भागले तर दिवसाचे ३०० होतात. रविवारची सुट्टी वगळून २६ ने भागले तर सुमारे ३४६. सुट्टीचा दिवस पगारात धरलेला असेल तर पगार तीसही दिवसांचा आहे, तेव्हा कापतानाही ३० नेच भागले पाहिजे. हा हिशेब सूनबाईंनी केलेलाच नव्हता. ‘कापू अंदाजे’ असे त्यांच्या मनात होते. अंदाज कोणाचा? कापणाऱ्याचाच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती व्याकरणाची आहे. पुन्हा तो मराठी निरोप वाचा. ‘कापले जातील.’ कोण कापणार? ‘ॲडजस्ट करावं लागेल.’ कोणाला? ‘बघू.’ कोण आणि काय बघणार? आपल्या मराठीला कर्ता लपवून बोलण्याची मोठी सोय आहे. हुकूम देणारी दिसत नाही, हुकूम तेवढा दिसतो. साध्या इंग्रजीत हे जमत नाही असे नाही, पण तिथे प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘वी’ने किंवा ‘यू’ने करायचा नियम आपण घालून घेतला, तर लपायला जागा राहत नाही. मी सूनबाईंसमोर कागद ठेवला, मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘आम्ही’, उजवीकडे ‘तुम्ही’. निरोपातली वाक्ये त्यांनीच वाटून लिहिली. उजवीकडची बाजू भरली. डावीकडे एकच ओळ आली: आम्ही ९,००० देऊ. पैसे कधी देणार, ती तारीखसुद्धा नव्हती. त्या कागदाकडे सूनबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

‘ॲडजस्ट’, ‘फिक्स’, ‘कट’, ‘हाफ डे’ हे शब्द इंग्रजी आहेत, मग ते हिंदी-मुक्त इंग्रजीत का चालू नयेत, असे कोणी विचारील. चालू नयेत, कारण त्यांचा आपल्याकडचा अर्थ इंग्रजी राहिलेलाच नाही. ‘ॲडजस्ट’ म्हणजे आपल्याकडे तू गप्पपणे सोसून घे. ‘फिक्स’ म्हणजे आता वाढवून मागू नकोस. सणाला ॲडजस्ट करणे म्हणजे नेमके काय, हे विचारल्यावर सूनबाईंनी सांगितले की महालक्ष्म्यांच्या वेळी पाहुणे असतात, तेव्हा दोन-तीन दिवस उशिरापर्यंत थांबावे लागेल. मग तसेच लिहा ना. आणि थांबण्याचे पैसेही लिहा.

आता बाईकडची बाजू. भाषांतर करणारीने एकाच बाजूला विचारून भागत नाही. तिला रविवार हवा होता, चर्चला जायला. जानेवारीत पोंगलला गावी जायचे होते, आणि त्या दिवसांचे पैसे गेले तरी चालतील पण काम जाऊ नये, ही तिची मुख्य काळजी होती. पैशापेक्षा काम जाण्याची भीती हीच खाड्यामागची खरी गोष्ट असते, आणि मूळ निरोपात तिचा पत्ताच नव्हता. दोन दिवस बोलणी झाली. रविवारी आजींजवळ सूनबाई स्वतः घरी असतात, तेव्हा रविवार मिळाला. पगार वाढला नाही.

शेवटी गेलेला निरोप असा होता. इंग्रजी देवनागरीत लिहिते आहे, मोठ्याने वाचून पाहा:

‘वी विल पे यू ९,००० रुपीज फॉर ईच मंथ. वी विल पे बिफोर द फिफ्थ डे ऑफ द नेक्स्ट मंथ.

यू विल स्टार्ट वर्क ॲट ९.३० इन द मॉर्निंग. यू विल गो होम ॲट ६ इन द इव्हनिंग. वी मे आस्क यू टू स्टे आफ्टर ६. यू कॅन से नो. इफ यू स्टे, वी विल पे ५० रुपीज मोअर फॉर ईच अवर.

यू विल स्वीप अँड वॉश द फ्लोअर्स, वॉश द डिशेस, अँड गिव्ह फूड टू अवर मदर. वी विल आस्क यू बिफोर वी ॲड न्यू वर्क.

यू विल नॉट वर्क ऑन संडे. वी विल नॉट टेक मनी फ्रॉम युवर पे फॉर संडे. इफ यू डू नॉट कम ऑन अनदर डे, वी विल टेक ३०० रुपीज फॉर दॅट डे. वी विल नॉट टेक मोअर.

इफ यू गो टू युवर व्हिलेज, टेल अस सेव्हन डेज बिफोर. वी विल नॉट गिव्ह युवर जॉब टू अनदर पर्सन.

वी हॅव नॉट डिसायडेड अबाउट एक्स्ट्रा मनी ॲट दिवाळी.’

शेवटचे वाक्य पाहा. ‘दिवाळीला बघू’ याचे हेच प्रामाणिक इंग्रजी आहे: आम्ही काही ठरवलेले नाही. मराठीत ‘बघू’ म्हटले की ऐकणारीला आशा वाटते आणि बोलणारी कशाला बांधली जात नाही. सूनबाईंना ते वाक्य बोचले. ‘असं कसं दिसतं ते!’ म्हणाल्या. मी म्हटले, मग आकडा घाला. त्यांनी आकडा घातला नाही आणि वाक्यही तसेच राहू दिले. बाईने ते वाचून काम घेतले. निदान दिवाळीचे पैसे हिशेबात धरून तिने घरभाड्याची उचल घेतली नाही.

निरोप समजला की नाही हे कसे ओळखायचे? ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारूच नये. कामाची गरज असलेली बाई त्याला नेहमी हो म्हणते. तिला हिशेब घालावा. मी विचारले, ऑगस्टमध्ये रविवार सोडून दोन दिवस आला नाहीत तर हातात किती येतील? तिने ८,४०० सांगितले. संध्याकाळी साडेसहाला पाहुणे आले आणि थांबा म्हणाले तर? तिने सांगितले, थांबेन किंवा जाईन, थांबले तर वेगळे पैसे. म्हणजे समजले. मग हेच प्रश्न मी सूनबाईंनाही विचारले, कारण दोघींची उत्तरे जुळली तरच तो निरोप एक आहे. नाही जुळली, तर दोघी दोन वेगळे करार मनात धरून बसल्या आहेत आणि महिनाअखेरीला भांडण ठरलेले आहे.

यावर आक्षेप येतात. पहिला मालकिणींचा: एवढे लिहून घेतले की घरोबा राहत नाही. घरोबा कोणाच्या खर्चाने राहतो, ते वरच्या २८ तासांत आले आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी काम बंद ठेवले आणि त्यातून त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या, तेव्हाही तक्रार पगाराची आणि सुट्टीचीच होती, घरोब्याच्या कमतरतेची नव्हती.

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्या मैत्रिणींचा, आणि तो जास्त विचार करण्याजोगा आहे. त्या म्हणतात, लिखित शब्द नेहमी शिकलेल्याच्या बाजूने जातो. उद्या हाच निरोप दाखवून मालकीण म्हणेल, सात दिवस आधी सांगितले नाही, काम गेले. हे होऊ शकते. म्हणूनच डाव्या-उजव्या बाजूचा तो कागद हवा. ‘तुम्ही’च्या प्रत्येक वाक्यासमोर ‘आम्ही’चे वाक्य असलेच पाहिजे, नाहीतर भाषांतर करून देऊ नये. एकतर्फी निरोप स्वच्छ भाषेत करून देणे म्हणजे मालकाचे काम हलके करणे आहे. ते आपले काम नव्हे.

तिसरा आक्षेप: कायदा असताना निरोपावर का भर? कायदा आहे, पण तो कशाबद्दल आहे ते नीट पाहा. महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. तो नोंदणी आणि कल्याणकारी मदतीचा आहे. कामाचे तास किती, सुट्टी कोणती, खाडा कसा कापायचा, हे तो त्या घरावरच सोडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. त्याचे सातवे कलम सांगते की कामाच्या अटी कामगाराला सहज समजतील आणि पडताळता येतील अशा रीतीने कळवल्या पाहिजेत, शक्यतो लेखी. दहावे कलम आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती सांगते. भारताने तेव्हा या कराराच्या बाजूने मत दिले, पण तो अद्याप मंजूर करून स्वतःला बांधून घेतलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट कशी असावी हे पाहायला समिती नेमण्यास केंद्र सरकारला सांगितले. म्हणजे सरकारही आपल्याला ‘बघू’च म्हणते आहे. तोपर्यंत बाईच्या हातात असलेला एकमेव कागद म्हणजे तो चार ओळींचा निरोप.

आणि तमिळ बाई आपल्याकडे कितीशा असणार, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे. इंग्रजी निरोप तयार झाल्यावर मी तोच मराठीत उलटा लिहिला, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ तसेच ठेवून. मुकुंदवाडीच्या बैठकीत मराठी बायकांना वाचून दाखवला. त्यातली एक, वीस वर्षे धुणीभांडी करणारी, म्हणाली, ‘आमाला तर कुनी असं सांगितलंच नाही, कापनार कोन आन् किती ते.’ तिला मराठी येते. जिने तिला कामावर ठेवले तिलाही येते. तरी तिचा निरोप अजून लिहायचा राहिला आहे. आपल्या गटातल्या प्रत्येकीने आधी आपल्या स्वतःच्या घरातला लिहावा. रेघ मारावी आणि डावीकडे काय येते ते पाहावे.